पाच तासांनी एकदा अडकणारा बोर्ड

आमच्या लॅबमध्ये बिघाड नोंदवायचा एक फॉर्म आहे. त्यातला चौथा प्रश्न: "बिघाड पुन्हा घडवून दाखवता येतो का? हो / नाही." या दोन चौकोनांनी माझे सहा आठवडे खाल्ले. मी "हो" वर खूण केली की तपासणारा माणूस यायचा, तासभर बोर्डासमोर बसायचा, काहीच घडायचं नाही आणि तो "पुनरावृत्ती नाही" असा शेरा मारून नोंद बंद करायचा. तीन वेळा बंद झाली. "होतो, पण कधी ते सांगता येत नाही" असा चौकोन नव्हताच.

बोर्ड साधा होता. एक एडीसी सेकंदाला ५०,००० वेळा मोजमाप घ्यायचा आणि प्रत्येक वेळी "डेटा तयार" अशी एक लाइन वर करायचा. एफपीजीएतली स्टेट मशीन ती लाइन पाहून आकडा वाचून घ्यायची. एफपीजीएचं घड्याळ १०० मेगाहर्ट्झ, म्हणजे १० नॅनोसेकंदाला एक ठोका. एडीसी मात्र स्वतःच्या ऑसिलेटरवर चालायचा, त्याचा आमच्या घड्याळाशी काही संबंध नाही. आणि मधूनच केव्हातरी स्टेट मशीन गप्प व्हायची. रिसेट दिला की पुन्हा सुरळीत.

सरासरी पाच तासांनी हे व्हायचं. "सरासरी" हा शब्द मला फार उशिरा कळला. कधी वीस मिनिटांत, कधी चौदा तासांनी. सुरुवातीला मी केबल बदलली, बोर्ड आठ तास चालला आणि मी विजयी मुद्रेने घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी अडकलेला. मग पॉवर सप्लाय बदलला, पुन्हा तेच. नंतर हिशेब केला तेव्हा स्वतःचाच राग आला: घटना स्वैरपणे, सरासरी पाच तासांनी होत असतील, तर काहीही न बदलता आठ तास निर्विघ्न जाण्याची शक्यता जवळपास २० टक्के असते. म्हणजे पाचात एकदा कुठलाही निरुपयोगी उपाय यशस्वी दिसणार. सरासरीच्या तिप्पट, म्हणजे पंधरा तास तरी चालवल्याशिवाय काही बोलू नये. तेव्हाही नुसत्या नशिबाने पार पडण्याची शक्यता ५ टक्के उरतेच.

फर्मवेअरवाल्या सहकाऱ्याने आपला कोड निर्दोष असल्याचं दोन दिवसांत दाखवून दिलं. ते खरंही होतं. स्कोपवर "डेटा तयार" लाइन देखणी दिसत होती. सिम्युलेशन लाखो वेळा चालवलं, एकदाही चूक नाही. टायमिंग रिपोर्ट हिरवा. इथवर कुणाचंच काही चुकलं नव्हतं, आणि त्यामुळेच मी सगळ्यांवर चिडले होते.

मग मी चिपच्या आत लॉजिक अ‍ॅनलायझर बसवून नवीन बिल्ड केली, म्हटलं आता रंगेहाथ पकडते. बिघाड गायब. पूर्ण आठवडा बोर्ड अखंड चालला. अ‍ॅनलायझर काढला, संध्याकाळपर्यंत पुन्हा अडकला. पुन्हा घातला, पुन्हा गायब. आमच्या टीममध्ये "मग तो आतच राहू द्या की" असा सल्ला गंभीरपणे दिला गेला. (असे सल्ले देणाऱ्यांचं बोर्ड नंतर वापरणाऱ्यांशी काहीही नातं नसतं.)

अ‍ॅनलायझर नको म्हणून मी स्टेट मशीनचे सहा बिट रिकाम्या पिनांवर काढले आणि साधा रेकॉर्डर लावला. ही तिसरी बिल्ड. ती दीड दिवसाने अडकली, पुन्हा सुरू केली तर साधारण तेवढ्याच वेळाने पुन्हा. पण आता अडकलेल्या क्षणी काय होतं ते दिसलं: सहाही पिना शून्य.

हे अशक्य होतं. मशीन वन-हॉट पद्धतीची, म्हणजे प्रत्येक अवस्थेला एक बिट आणि कधीही नेमका एकच बिट १. सगळे शून्य अशी अवस्था माझ्या कोडमध्ये नव्हती. कोडमध्ये "बाकी काहीही असेल तर सुरुवातीला जा" अशी ओळ होती खरी, पण तिथे पोचणं शक्यच नाही असं मानून सिंथेसिसने तिचं सर्किटच उडवलं होतं. तुम्हीही त्या ओळीवर विसंबून असाल तर सिंथेसिसमध्ये सुरक्षित स्टेट मशीनचा पर्याय चालू आहे का ते बघा. मात्र त्याने मशीन सावरते, रोग बरा होत नाही.

तोवर मी मॅडमकडे जायचं टाळत होते. त्या टीममधल्या सगळ्यात अनुभवी, आणि त्यांच्याकडे जायचं म्हणजे आपल्याला जमलं नाही हे मान्य करायचं. गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "ती लाइन आत आल्यावर किती फ्लॉप लागतात?"

"एक आहे, मॅडम. लाइन सिंक्रोनाइझ केलेलीच आहे."

"एक म्हणजे केलेली नाही. तिन्ही बिल्डमध्ये त्या फ्लॉपपासून स्टेट मशीनपर्यंतच्या वाटेवर स्लॅक किती आहे, ते काढून आण."

मी काढलं. स्लॅक म्हणजे संकेत पोचल्यावर पुढच्या ठोक्याआधी शिल्लक राहणारा वेळ. मूळ बिल्ड: ०.८ नॅनोसेकंद. पिना काढलेली: ०.९. अ‍ॅनलायझरवाली: १.१. सगळे धन, म्हणून सगळे हिरवे. पण हेच आकडे बिघाडाच्या वेळेशेजारी लिहिले आणि मी खुर्चीत मागे टेकले: ०.८ ला पाच तास, ०.९ ला दीड दिवस, १.१ ला आठवडाभर काहीच नाही.

झालं होतं ते असं. फ्लॉपला आत येणारा संकेत घड्याळाच्या ठोक्याच्या आधी आणि नंतर थोडा वेळ स्थिर लागतो. एडीसीला आमच्या ठोक्याची कल्पनाच नाही, त्यामुळे कधी ना कधी त्याची लाइन नेमकी त्या नाजूक क्षणी बदलणारच. तेव्हा फ्लॉप ० आणि १ च्या मध्ये लोंबकळतो. हीच मेटास्टेबिलिटी. तराजूचा काटा डुलत असताना दोघांनी वजन वाचावं तसं: काटा शेवटी एका बाजूला जातोच, पण वाचणाऱ्यांना घाई असेल तर एक म्हणतो भरलं, दुसरा म्हणतो कमी आहे. माझ्याकडे दोन वाचणारे होते. "थांबलेला" बिटने संकेत १ वाचला आणि स्वतःला शून्य केलं. "वाचन" बिटने तोच संकेत ० वाचला आणि उठलाच नाही. दोघंही शून्य, मशीन मेली.

काटा स्थिरावायला जो वेळ मिळतो तोच हा स्लॅक. मी तो "टायमिंग पास झालं" एवढ्याच अर्थाने वाचत होते. चुकण्याचं प्रमाण त्या वेळाबरोबर घातांकाने घटतं. दोन बिघाडांमधला सरासरी काळ असा:

```
MTBF = exp(t / tau) / (Tw * f_clk * f_data)
```

यात `t` म्हणजे स्थिरावायला मिळालेला वेळ, `tau` हा फ्लॉपचा स्वभाव, `Tw` ती नाजूक खिडकी, `f_clk` घड्याळाचा वेग आणि `f_data` लाइन बदलण्याचा वेग. ०.१ नॅनोसेकंद वाढल्यावर पाच तासांचे छत्तीस तास झाले, म्हणजे सुमारे सातपट. त्यावरून `tau` निघतो अंदाजे ०.०५ नॅनोसेकंद. मग १.१ ला, म्हणजे ०.३ जास्त मिळाल्यावर, बिघाड सुमारे ४०० पटींनी विरळ व्हायला हवा: पाच तासांचे ऐंशीहून अधिक दिवस. माझा आठवडा त्यात कुठे पुरणार! अ‍ॅनलायझरने काही बरं केलं नव्हतं, मांडणी हलल्यामुळे वाट जरा आखूड झाली होती, एवढंच. (रिपोर्टमधला स्लॅक सर्वांत वाईट परिस्थितीचा असतो, खऱ्या चिपचा नाही. म्हणून मी फक्त फरकांवर हिशेब केला, आणि तोही ढोबळ.)

चेनी आणि मोल्नार यांनी हे वागणं १९७३ मध्येच मोजून छापलेलं आहे. मला कॉलेजात त्यावर एक प्रश्नही आला होता आणि मी तो बरोबर सोडवला होता. हे कुणाला सांगितलं नाही.

मॅडम म्हणाल्या, "कारण पटलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही." मग मूळ बिल्डला हात न लावता एडीसीची लाइन काढून सिग्नल जनरेटर जोडला आणि लाइन बदलण्याचा वेग वीसपट केला, १ मेगाहर्ट्झ. सूत्राप्रमाणे पाच तासांची पंधरा मिनिटं व्हायला हवी होती. झाली. हे आधी सुचलं असतं तर तपासणाऱ्याला चहा संपायच्या आत बिघाड दाखवला असता. पुढे बोर्डावरचा ऑसिलेटर काढून घड्याळही त्याच जनरेटरच्या दुसऱ्या चॅनलवरून दिलं, म्हणजे दोन्ही एका तालात. रात्रभर एकही बिघाड नाही. मग दोघांमधली फेज अगदी बारीक पावलांनी सरकवत गेले. एका अरुंद जागी पोचले आणि मशीन मिनिटाभरात मेली. रिसेट, पुन्हा मेली. जागेवरून किंचित सरकवलं की शांत. सहा आठवड्यांनी बिघाड माझ्या हुकमावर घडत होता. मी मोठ्याने हसले, शेजारच्या बाकावरचे वळून बघायला लागले.

दुरुस्ती एवढीच:

```verilog
(* ASYNC_REG = "TRUE" *) reg s1, s2;
always @(posedge clk) begin
  s1 <= drdy;
  s2 <= s1;
end
```

`s1` आणि `s2` च्या मध्ये काहीही लॉजिक नाही, आणि स्टेट मशीनने पाहायचं ते फक्त `s2`. ती वरची खूण विसरू नका, तिच्यामुळे दोन्ही फ्लॉप शेजारी बसवले जातात. आता काट्याला ०.८ ऐवजी सुमारे ९ नॅनोसेकंद मिळतात. माझ्या `tau` ने हिशेब केला तर बिघाड १ वर ७१ शून्यं इतक्या पटींनी विरळ होतो. एवढ्या आकड्याला अर्थ नाही, पण पुरे. किंमत म्हणून एक ठोका उशीर होतो. आणि हा उपाय एकाच लाइनीला चालतो: १६ बिटांच्या आकड्याला असे सोळा जोड लावले तर काही बिट जुन्या आकड्याचे आणि काही नव्याचे येऊ शकतात.

१ मेगाहर्ट्झवर तीन दिवस चालवलं, जुन्या हिशेबाने जवळपास तीनशे बिघाड व्हायला हवे होते. शून्य.

मग नोंद बंद करायला फॉर्म उघडला. "मूळ कारण" या रकान्यात यादी होती: केबल, पॉवर, फर्मवेअर, हाताळणी, इतर. मी "इतर" निवडलं. पुढे लिहायला चाळीस अक्षरांची जागा होती.