आमची वाटचाल : जन्मदाखल्यापासून गाण्यापर्यंत

वसईत आमचं दोन टेबलांचं भाषांतराचं दुकान आहे. सुरुवातीची बरीच वर्षं जन्मदाखले, सातबारा, खरेदीखतं आणि परदेशी निघालेल्या मुलामुलींची गुणपत्रकं यांवरच गेली. दर शब्दाला ठरलेला. बायको जर्मन शिकलेली असल्याने ती कामंही येत. मग एका नाताळाच्या आधी गावातलं एक गायकमंडळ आलं. त्यांना ‘श्टिलं नाख्ट’, म्हणजे ‘सायलेंट नाइट’, या गाण्याच्या जन्माची गोष्ट रंगमंचावर मांडायची होती : ऑस्ट्रियातलं ओबर्नडॉर्फ, 24 डिसेंबर 1818ची रात्र, मोर या तरुण धर्मगुरूची कविता, ग्रुबरने लावलेली चाल आणि साथीला गिटार. शेवटी तेच गाणं, त्याच चालीत, मराठीतून हवं होतं.

चालीवर पद बांधणं आपल्याला नवं नाही. 1880च्या किर्लोस्करी ‘शाकुंतला’पासून नाटककार आधीच्या चालींवर पदं रचत आले. पण तिथे कवी हवा तो अर्थ मांडायला मोकळा असे. इथे चालही ठरलेली, अर्थही ठरलेला.

पहिली ओळ अनपेक्षितपणे लवकर सुटली. ‘शांत रात, मंगल रात’. बोलताना आपण ‘मंगल’ दोन तुकड्यांत म्हणतो, मं-गल. गाताना ‘ग’मधला अ पूर्ण उच्चारता येतो आणि ‘ल’मागचा पुसलेला अ परत येतो. मं-ग-ल, बरोबर तीन स्वर, आणि चालीला तिथे तीनच हवे होते. ‘रात्र’ मात्र टाळला. तीन मात्रा ‘आ’ लांबवून शेवटी ‘त्र’ मिटवायला गेलं की प्रत्येक गायकाचा ‘त्र’ वेगळ्या वेळी पडतो. ‘रात’चा साधा ‘त’ सगळ्यांचा एकत्र पडतो.

अडकलो शेवटच्या ओळीत. मूळ अर्थ : स्वर्गीय शांतीत झोप. मी लिहिलं, ‘झोप स्वर्गीय सुखी’. कागदावर अर्थ चोख होता. तालमीत पहिल्याच फेरीला वरच्या पट्टीत गाणारी मुलगी थांबली. म्हणाली, “दादा, या ‘खी’वर आवाज उघडतच नाही. घसा आवळतो.”

घरी येऊन पेटीवर ओळ वाजवून बघितली. चालीचा शेवटचा सूर सा धरला, तर ही ओळ तार रे वरून निघते, तार मध्यमाला टेकते, मग तार सा तीन मात्रा आणि तार ग तीन मात्रा, हे दोन्ही सूर एकाच अक्षरावर. म्हणजे जागा सहाच अक्षरांना, आणि माझी होती सात. ‘सु’ आणि ‘खी’ वेगळे केल्यामुळे दोन सूर जोडणारी मींड तुटली आणि सर्वांत लांब उंच सुरावर ‘ई’ आली. ‘ई’ला जीभ वर चढते, तोंड अरुंद राहतं, अशा उंचीवर गायिकेला तोंड उघडायचं असतं, म्हणून तिथे आ, ए किंवा ओ हवा. शिवाय ‘र्गी’सारखं दीर्घ अक्षर अर्ध्या मात्रेत कोंबलं होतं.

त्या दिवसापासून आम्ही आधी शब्द लिहीत नाही. चौकटी आखतो, एक चौकट म्हणजे एक अक्षर. खाली मात्रा लिहितो, आणि उंच किंवा लांब सुरांच्या चौकटी लाल करतो. लाल चौकटी आधी भरायच्या, बाकीच्या नंतर. या ओळीच्या मात्रा होत्या दोन, एक, दीड, अर्धी, एक आणि सहा. लाल चौकटी तिसरी आणि सहावी. त्यातून आलं :

झोप बाळका रे

झो-प-बा-ळ-का-रे. तार मध्यमावर ‘बा’, अर्ध्या मात्रेला हलका ‘ळ’, लांब सुरावर ‘रे’. पण स्वर्ग गेला, आणि बायकोला ते पटेना. “मूळ कवीने दोनदा म्हटलंय ते, तू एकदाही नाही?” तिचं बरोबर होतं. ओळ दोनदा येते, आणि दुसऱ्या वेळी चाल खाली उतरत मध्य सा वर थांबते. तिथे ‘ई’ला काहीच त्रास नाही. म्हणून दुसऱ्यांदा ‘झोप स्वर्गसुखी’, तीही सहाच अक्षरं. उंचावर बाळ, खाली उतरताना स्वर्ग.

यमक मात्र आम्ही काही ठिकाणी सोडलं. यमकासाठी लाल चौकटीतला स्वर बिघडवायचा नाही, हे तेव्हाच ठरलं. आता गाण्याचा दर शब्दावर नसतो. पूर्ण गाण्याचा असतो आणि त्यात दोन तालमी धरलेल्या असतात. तालीम न ऐकता कागद हातात द्यायचा नाही.

मूळ कवितेत कडवी सहा. त्यातलं सहावं, मेंढपाळांचं, आज अनेक ठिकाणी दुसरं म्हणून गातात. त्या कडव्यात मेंढपाळांच्या जागी तीन चौकटी होत्या, शेवटची लांब. मी ‘मेंढपाळ’ लिहून पेटीवर वाजवलं : में, ढ, आणि मग तीन मात्रा ‘पा’, शेवटी ‘ळ’ मिटला. त्या रात्री आम्ही तेवढंच लिहिलं आणि जेवायला बसलो.