रिव्ह्यूअर दोनचा तिसरा मुद्दा

आम्ही जर्नलला पाठवलेल्या पेपरवर रिव्ह्यूअर दोनचा तिसरा मुद्दा चारच ओळींचा होता. आशय असा: यट्रिया घातलेली झिर्कोनिया क्युबिक आहे असं लेखक म्हणतात, पण पुरावा काय, तर एक्सआरडीत, म्हणजे एक्स-किरणांच्या आलेखात, पीक फुटलेले दिसत नाहीत. कण दहा नॅनोमीटरचे असतील तर पीक फुटलेले दिसणारच नाहीत. मग ही टेट्रागोनल नाही कशावरून?

माझा पीएच.डी.चा विद्यार्थी अमळनेरकडचा. त्याने उत्तराचा पहिला मसुदा त्याच रात्री लिहून पाठवला. 'रिव्ह्यूअर महोदयांचा गैरसमज झालेला दिसतो' अशी सुरुवात, आणि खाली सहा पेपरांचे दाखले, सगळ्यांनी यट्रियाचं हेच प्रमाण, १० मोल टक्के, क्युबिक म्हटल्याचे. मी फोन करून सांगितलं, हे कुठेही पाठवू नकोस. दुसऱ्यांची पावडर क्युबिक होती म्हणून आपलीही असेल, हे उत्तर होत नाही. आणि त्या माणसाचा गैरसमज अजिबात झालेला नव्हता.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. शुद्ध झिर्कोनिया, म्हणजे ZrO₂, साध्या तापमानाला मोनोक्लिनिक असते. सुमारे ११७० अंश सेल्सिअसच्या वर ती टेट्रागोनल होते आणि २३७० च्या आसपास क्युबिक. त्यात यट्रिया, म्हणजे Y₂O₃, मिसळली की वरच्या तापमानाच्या या फेज, म्हणजे ही स्फटिकरूपं, खालीही टिकतात. थोडी यट्रिया असेल तर टेट्रागोनल, भरपूर असेल तर क्युबिक. दोघींतला फरक इतकाच की टेट्रागोनलमध्ये घनाची एक कड किंचित लांब असते आणि त्या दिशेने ऑक्सिजनचे अणू आपल्या जागेवरून थोडे वर-खाली सरकलेले असतात. आमचा पेपर ऑक्सिजन आयनांच्या वहनाबद्दल होता, त्यामुळे फेजचा प्रश्न टाळून पुढे जाता येत नव्हतं.

सोमवारी सकाळी त्याला समोर बसवलं आणि कागदावर हिशोब मांडायला लावला. झिर्कोनियाचा सगळ्यांत उंच पीक ३० अंशांजवळ येतो, पण या कामात त्याचा उपयोग नाही, कारण टेट्रागोनलमध्येही तो एकटाच राहतो. बघायचा तो ७४ अंशांजवळचा. क्युबिकमध्ये तिथे एकच पीक असतो, टेट्रागोनलमध्ये दोन. कडांच्या लांबीत अर्ध्या टक्क्याचा फरक धरला तर ते दोन पीक एकमेकांपासून ०.४३ अंशांवर पडतात. आणि शेररच्या सूत्राने दहा नॅनोमीटरच्या कणांसाठी तिथल्या पीकची रुंदी येते जवळजवळ एक अंश. एक अंश रुंद असे दोन पीक अर्ध्या अंशापेक्षाही जवळ असले, तर डोळ्यांना एकच दिसणार. सगळा आलेख मॉडेलशी जुळवून बघणारं रिटव्हेल्ड फिटिंगही मदतीला येत नाही. आमच्या डेटावर क्युबिक आणि टेट्रागोनल अशी दोन्ही मॉडेलं जवळपास सारखीच बसत होती.

तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला आणि मग घरच्या बोलीत म्हणाला, "सर, आते काय करानं?"

मी म्हटलं, विचार कर, उद्या बोलू. त्याने विचार न करता थेट भट्टी लावली. पावडर १२०० अंशांवर भाजली की कण मोठे होतील, पीक अरुंद होतील आणि काय ते स्पष्ट दिसेल, असा त्याचा हिशोब. मे महिन्यातलं जळगाव, बाहेर ४४ अंश, त्यात भट्टीची खोली पश्चिमेला. एकदा मधेच वीज गेली म्हणून पुन्हा पहिल्यापासून. एवढं करून तो एक्सआरडीचा प्रिंट घेऊन आला तेव्हा त्याचा चेहरा पडलेला होता. ७४ अंशांजवळच्या पीकला उजवीकडे स्पष्ट खांदा आलेला होता. "सर, फुटला. टेट्रागोनलच आहे. पेपर परत घ्यावा लागेल."

हाच तो प्रसंग, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

तांब्याच्या नळीतून येणारे एक्स-किरण एकाच तरंगलांबीचे नसतात. Kα1 आणि Kα2 अशी जोडी असते. तरंगलांब्यांतला फरक पाव टक्का, आणि Kα2 ची तीव्रता जवळपास निम्मी. छोट्या कोनाला ही जोडी एकात एक मिसळलेली असते, पण ७४ अंशांजवळ ती ०.२१ अंशांनी वेगळी होते. पीक रुंद असेपर्यंत कळत नाही. कण शंभर नॅनोमीटरच्या घरात गेले, रुंदी एक दशांश अंशावर आली, की अस्सल क्युबिक पदार्थाचा पीकही फुटल्यासारखा दिसतो.

मग ही जोडी किरणांची की टेट्रागोनलची, हे ओळखायचं कसं? कोणता पीक कोणत्या बाजूला आहे, ते बघायचं. टेट्रागोनल झिर्कोनियात लांब कडेचा पीक छोट्या कोनाला येतो आणि तो दुबळा असतो, कारण त्या प्रकारच्या प्रतलांची संख्या निम्मी. म्हणजे डावीकडे छोटा, उजवीकडे मोठा. Kα1 आणि Kα2 चं नेमकं उलटं: डावीकडे मोठा, उजवीकडे छोटा. आमच्या प्रिंटवर खांदा उजवीकडे होता आणि मुख्य पीकच्या साधारण निम्म्या उंचीचा होता.

तेवढ्यावर त्याचा विश्वास बसेना, आणि ते मला आवडलं. म्हणून आम्ही कपाटातली सिलिकॉनची प्रमाण पावडर काढली. सिलिकॉन क्युबिक आहे याबद्दल जगात कुणालाच शंका नाही. तिचा एक पीक ७६.४ अंशांजवळ येतो, म्हणजे आमच्या पीकच्या शेजारीच. त्याच मशीनवर, त्याच स्लिट लावून, सावकाश स्कॅन केला. तोच खांदा, त्याच बाजूला, जवळजवळ तेवढ्याच अंतरावर. खुर्चीत मागे टेकून तो पहिल्यांदा हसला.

मग लगेच म्हणाला, "चला, हाच ग्राफ पाठवू. भाजलेली पावडर क्युबिक आहे, विषय संपला."

विषय संपला नव्हता. पेपरमधली पावडर ६०० अंशांवर तयार केलेली होती आणि वहनाची सगळी मोजमापं तिचीच होती. १२०० अंशांना तास न् तास ठेवलेली पावडर म्हणजे दुसरा नमुना. त्या तापमानाला यट्रिया कणांमध्ये इकडून तिकडे सरकू शकते, फेज बदलू शकते. भाजलेली क्युबिक निघाली म्हणून न भाजलेलीही क्युबिक होती, असं म्हणता येत नाही. रिव्ह्यूअरने हे एका वाक्यात उडवून लावलं असतं, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. मेहनत खूप झाली म्हणून ती उत्तरात घालायचा मोह होतो. दोन दिवस भट्टीपाशी घाम गाळलेल्या पोराला हे समजावणं सोपं गेलं नाही.

मूळ पावडरीवर चालेल असा मार्ग रामनचा होता, म्हणजे लेसरचा प्रकाश टाकून अणूंची कंपनं बघण्याचा. एक्सआरडीत झिर्कोनियमसारखे जड अणू बोलतात, ऑक्सिजनचा आवाज क्षीण असतो. रामनमध्ये ऑक्सिजनचं सरकणं थेट दिसतं. शिवाय कणांच्या आकाराने तिथे एवढा घोटाळा होत नाही. क्युबिक झिर्कोनियाचा एकच पट्टा अपेक्षित असतो, ६१५ प्रति सेंटीमीटरच्या आसपास, रुंद. टेट्रागोनलचे सहा पट्टे, त्यातले १४५, २६० आणि ४६५ जवळचे ओळखायला सोयीचे. कडांची लांबी समान होऊनही ऑक्सिजन सरकलेलाच राहिला आहे, असं एक मधलं रूपही असतं. एक्सआरडी त्याला क्युबिक म्हणते. ४६५ जवळचा पट्टा मात्र चहाडी करतो.

आमच्याकडे रामन नाही. महाराष्ट्र एक्सप्रेसने तो पुण्याला गेला, सोबत दोन नमुने: आमचा १० मोल टक्क्यांचा, आणि तुलनेसाठी ३ मोल टक्क्यांचा, जो नक्की टेट्रागोनल. ३ वाल्यात सहाही पट्टे स्वच्छ आले. १० वाल्यात ६१५ चा एक रुंद पट्टा आणि कमी वेव्हनंबरला पसरट, बुटके उंचवटे. यट्रियामुळे ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा तयार होतात, त्या अव्यवस्थेचे ते उंचवटे असतात. ४६५ जवळ काही नाही.

'काही नाही' हे शब्द उत्तरात लिहायचे तर किती बारीक गोष्ट आपल्याला दिसली असती, तेही सांगावं लागतं. म्हणून तिथे जाण्याआधीच त्याच्याकडून तीन मिश्रणं करून घेतली होती. १० वाल्या पावडरीत ३ वाली वजनाने २, ५ आणि १० टक्के मिसळलेली. १० टक्क्यांत ४६५ चा पट्टा सहज दिसला, ५ टक्क्यांत दिसला पण शोधावा लागला, २ टक्क्यांत गोंगाटात बुडाला. तेव्हा उत्तरात आम्ही लिहिलं: स्वतंत्र कणांच्या रूपातली टेट्रागोनल फेज सुमारे ५ टक्क्यांपेक्षा जास्त असती तर आम्हाला दिसली असती, त्याखालच्या प्रमाणाबद्दल आमचा दावा नाही. सगळेच कण किंचित बिघडलेले असण्याच्या शक्यतेला मिश्रणाची ही चाचणी लागू पडत नाही, हेही लिहिलं. तिथे आधार आहे तो मूळ नमुन्यात पट्टा न दिसण्याचा.

उत्तरात शेवटी एक छोटी गोष्ट जोडली, जी मला वाटतं निम्म्या शंकेचं मूळ होती. १० मोल टक्के Y₂O₃ म्हणजे धातूच्या अणूंपैकी १८ टक्के यट्रियम, कारण एका Y₂O₃ मध्ये दोन यट्रियम. पण काही जण प्रमाण YO1.5 मध्ये मोजतात. त्या मापाने १० वाचलं, तर ते जेमतेम ५ मोल टक्के Y₂O₃ होतं आणि ते प्रमाण सरळ टेट्रागोनलच्या हद्दीत पडतं. मग शंका न घेणाराच चुकला असता. तक्त्यात आम्ही सूत्रच छापलं, Zr0.82Y0.18O1.91.

पत्राची भाषा मी दोनदा कापली. आभार एकदाच, सुरुवातीला. मग त्याच्या चार ओळी जशाच्या तशा, खाली आमचं उत्तर, आणि कोणत्या पानावर कोणतं वाक्य बदललं ते. 'शुद्ध क्युबिक' मधला 'शुद्ध' काढला. सहा पेपरांच्या दाखल्यांतले दोनच ठेवले, ज्यांनी रामन केलं होतं तेवढे. भाजलेल्या पावडरीचा ग्राफ पुरवणीत टाकला, स्पष्ट लिहून की तो ६०० अंशांच्या पावडरीबद्दल काही सिद्ध करत नाही. एवढं तर त्या पोराला द्यायला हवं होतं.

दुसऱ्या फेरीत रिव्ह्यूअर दोनने फेजबद्दल काहीच विचारलं नाही. मिश्रणांचा रामन ग्राफ पुरवणीतून काढून मुख्य लेखात घ्या, एवढीच सूचना होती. आम्ही तो चौथी आकृती म्हणून घेतला.