रात्री दीड वाजता सापडलेलं एक जादा शून्य

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असताना माझा प्रोजेक्ट होता गावातल्या सात ठिकाणच्या पाण्याचा हार्डनेस, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार किती ते काढायचं, ईडीटीए टायट्रेशनने, म्हणजे रंग बदलेपर्यंत ब्युरेटमधून ईडीटीएचं द्रावण किती लागलं ते मोजून. सकाळी सरांना रिपोर्ट द्यायचा म्हणून रात्री हॉस्टेलवर सगळे आकडे परत बघत बसले होते, आणि शाळेजवळच्या हातपंपाच्या ओळीवर अडकले, 32.8 मिलीग्रॅम प्रति लिटर. बाकीचे सगळे 290 ते 410 मधे.

आधी खूश झाले होते खरंतर, गावात निदान एक तरी पाणी चांगलं निघालं म्हणून. पण त्याच पंपाच्या पाण्याला साबणाचा फेस येत नाही, जे हार्ड पाण्याचं लक्षण, असं तिथल्या मावशी सँपल घेताना बोलल्या होत्या, ते तेव्हा आठवलं. आणि तिथून शंभर पावलांवरच्या बोअरला 310! खडक तोच, मग एवढा फरक कसा?

वही काढली. सँपल 50 मिली, अमोनिया बफर, रंग दाखवायला इरिओक्रोम ब्लॅक टी, लालसर जांभळ्यावरून स्वच्छ निळा रंग आला तेव्हा ब्युरेट 16.4. दुसरं रीडिंगपण 16.4. म्हणजे रीडिंग ठीक होतं. आता 0.01 मोलर तीव्रतेच्या ईडीटीएचा एक मिली म्हणजे एक मिलीग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, मग 50 मिलीत 16.4 मिलीग्रॅम, लिटरला वीसपट, 328. तोंडी होणारा हिशोब, मी तो केलाच नव्हता, कॉम्प्युटरवरच्या हिशोबाच्या शीटमधला आकडा तसाच उतरवला होता. शीट उघडून बघितलं तर त्या एकाच ओळीत ईडीटीएची मोलॅरिटी 0.001. हाताने टाइप करताना एक शून्य जास्त पडलं होतं.

तरी एकदा वाटलं, बाटलीतलं ईडीटीएच पातळ बनलं असेल तर? पण त्याची तीव्रता तपासताना, स्टँडर्डायझेशनला, 20 मिली 0.01 मोलर झिंक सल्फेटला 20.1 मिली ईडीटीए लागलं होतं. खरंच 0.001 असतं तर 200 मिली लागलं असतं, आणि आमची ब्युरेट 50 ची. शिवाय सातही सँपल त्याच बाटलीतून केले होते, त्यामुळे चूक फक्त टायपिंगची हे नक्की झालं.

घाम फुटला मला. पिण्याच्या पाण्याला 200 पर्यंत हार्डनेस चालतो, दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत, म्हणजे 328 काही विष नाही. पण 32.8 गेलं असतं तर गावातलं सगळ्यात मऊ पाणी म्हणून लोकांनी तिथेच रांग लावली असती, आणि ते मी सांगितलं म्हणून.

वहीतला आकडा खोडला नाही, एक रेघ मारली, बाजूला 328 लिहून तारीख आणि सही केली. सकाळी सरांना दाखवलं तर ते म्हणाले, "सँपल उरलंय ना? मग आत्ताच परत कर." 16.3 आलं, म्हणजे 326.