आमची वाटचाल : कुपवाडचं शेड आणि मागे राहिलेली कंपनी

लेथवर बुशिंग टर्न करून देणारं आमचं शेड कुपवाड एमआयडीसीत. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केली ती एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या आग्रहावरून. पुढे शेजारच्या गाळ्यातल्याने नगामागे दोन रुपये कमी रेट लावून तेच गिऱ्हाईक पळवलं. त्याचा जॉब फिरताना किती हलतो, ते कधी डायल लावून बघा म्हणजे कळेल! पलूसचे पंपवाले शेठ मात्र हलले नाहीत. त्यांचं काम मी माझ्या एकट्याच्या प्रोप्रायटरी फर्मवर घेतलं, लेथ रीतसर बिल करून फर्मला विकला आणि डिसेंबर २०२१ मध्ये कंपनीचं शेवटचं बिल निघालं. कंपनी मात्र कागदावर तशीच राहिली.

आमचे तेव्हाचे अकाउंटंट म्हणाले, "धंदाच नाही, तर भरायचं काय?" एप्रिल २०२४ मध्ये आरओसीची, म्हणजे कंपनी रजिस्ट्रारची, नोटीस आली. वार्षिक रिटर्न नाहीत, दंड का करू नये?

नवीन सीए बाईंनी आधी नोटिशीवरचं कलम पाहिलं. नोटीस दंडाची होती; कंपनी कायद्याच्या कलम २४८(१) ची, म्हणजे आरओसीने आपणहून कंपनीचं नाव रजिस्टरमधून काढण्याची, नव्हती, आणि सगळी मेख तिथंच. कंपनीने स्वतःहून नाव काढायला अर्ज केला, तर धंदा थांबला त्या आर्थिक वर्षापर्यंतचेच रिटर्न लागतात. आरओसीने २४८(१) ची कारवाई सुरू केली, की मधली सगळी थकीत वर्षं भरावी लागतात. आमचं शेवटचं वर्ष २०२१-२२. त्याचे AOC-4, म्हणजे ताळेबंदाचा फॉर्म, आणि MGT-7A, म्हणजे वार्षिक रिटर्न, दोन्ही थकले होते. प्रत्येक फॉर्मला दिवसाला शंभर रुपये, वर कमाल मर्यादा नाही. दोन्हींचे मिळून लाखाच्या वर गेले. २०२२-२३ चं भरावं लागलं असतं, तर आणखी तेहतीस-चौतीस हजार. सलग तिसरं वर्ष चुकलं असतं, तर आम्ही दोघे भाऊ पाच वर्षांसाठी डायरेक्टर म्हणून अपात्र!

पुढे बँकेचं खातं बंद केलं. कंपनीकडे माझं कर्ज होतं, ते मी सोडलं, कारण देणं शून्य हवं. पंचाहत्तर टक्के भांडवलाची संमती आम्हा भावांच्याच सह्यांनी झाली. मग नाव काढण्याचा अर्ज STK-2, फी दहा हजार. सोबत पुढे काही देणं निघालं तर आम्ही भरू असा इंडेम्निटी बाँड, प्रतिज्ञापत्र आणि सीएच्या सहीचा मालमत्ता-देण्यांचा हिशेब. हा हिशेब अर्जाच्या तारखेला तीस दिवसांपेक्षा जुना चालत नाही, म्हणून आधी बाँड-स्टॅम्प तयार ठेवा, हिशेब शेवटी काढा. आमचा एकदा जुना होऊन पुन्हा काढावा लागला, कारण धाकट्याला सही करायला वेळ नव्हता. जीएसटी नंबर रद्द केलात, तर तीन महिन्यांत GSTR-10 हे शेवटचं रिटर्न भरा. तेही लोक विसरतात.

अर्ज कंपन्या बंद करण्याचं काम बघणाऱ्या मानेसरच्या सी-पेस केंद्राकडे जातो. हरकतींसाठी STK-6 ची जाहीर नोटीस निघाली, तीस दिवसांत कुणी आलं नाही. मग नाव काढल्याची नोटीस STK-7 निघाली आणि कंपनी संपली.

त्या अकाउंटंटचं "भरायचं काय" अजून आठवतं. त्यांनी फी मात्र आगाऊ घेतली होती.