मधली अक्षरं

"खाज तशीच आहे, आणि ही गोळी घेतली की छातीत धडधडतं," असं म्हणत काकूंनी डबी काउंटरवर ठेवली. लेबल वाचलं आणि माझे हातपाय गार पडले. डॉक्टरांनी लिहिलं होतं हायड्रॉक्सीझिन, म्हणजे खाजेवरची गोळी. मी दिली होती हायड्रालझिन. ती रक्तवाहिन्या सैल करून रक्तदाब उतरवते. दाब उतरला की तो सावरायला हृदय जोरात धावतं. काकूंचं डोकं दुखणं, उठताना अंधारी येणं, सगळं त्यातलंच.

त्यांना बसवून रक्तदाब मोजला, तो बराच उतरला होता. लगेच डॉक्टरांना फोन लावला आणि झालेली चूक जशी होती तशी सांगितली. गोळी बंद केली. त्यांनी काकूंना तपासलं, आणि सुदैवाने त्या दोन दिवसांत पूर्ववत झाल्या.

मी मात्र त्या चिठ्ठीशी बराच वेळ बसलो. संगणकावर मी फक्त सुरुवातीची चार अक्षरं टाकली होती, `hydr`. यादीत दोन्ही नावं एकाखाली एक आली. दोन्ही गोळ्या १०, २५ आणि ५० मिलिग्रॅममध्ये मिळतात, दोन्ही दिवसातून अनेकदा घेता येतात. त्यामुळे '२५, दिवसातून तीनदा' हे दोन्हीकडे चपखल बसलं आणि कुठेच खटकलं नाही. सहकाऱ्याने तपासलं होतं, पण मी नाव मोठ्याने म्हणालो आणि त्याने तेच ऐकत डबी पाहिली. कानांनी आधीच ठरवलेलं डोळ्यांना दिसतं. ती दुसरी तपासणी झालीच नव्हती.

या नावांचं डोकं आणि शेपूट सारखं आहे, फरक आहे तो पोटात. म्हणून आता आमच्या पडद्यावर ती `hydrALAZINE` आणि `hydrOXYzine` अशी दिसतात. वेगळा भाग मोठ्या अक्षरांत असला की नजर तिथे थबकते. पण फोनवर नाव ऐकताना याचा काही उपयोग नाही. तिथे मी एकेक अक्षर सुटं करून परत म्हणून दाखवतो आणि औषध कशासाठी आहे ते विचारतो. ही जोडी मुळात त्या एकाच प्रश्नाने सुटते. काकूंना तो मी विचारला असता, तर "खाजेसाठी" एवढ्या एका शब्दावर माझा हात थांबला असता.

काकू आता डबी घरी नेण्याआधी चिठ्ठी शेजारी धरतात. ब्रँडच्या मोठ्या नावाखाली बारीक अक्षरांत असलेलं मूळ औषधाचं नाव त्या बोट ठेवून, मधलं एकही अक्षर न गाळता जुळवतात, मग मिलिग्रॅम. पट्टी घेतली तर नाव छापलेला भाग शेवटच्या गोळीपर्यंत राहील अशी कापतात. परवा गोळीचा रंग बदललेला दिसला, तर घरी न जाता तिथेच उभ्या राहिल्या. कंपनी बदलली होती, औषध तेच होतं. मी दोन्ही लेबलं समोर ठेवली आणि त्यांनी स्वतः जुळवल्यावरच डबी पिशवीत टाकली.