स्टुडिओचे नाव नोंदवताना: माझा अनुभव

पुण्यात लग्नाची छायाचित्रे काढणाऱ्यांची इतकी दाटी आहे की ‘क्षण’, ‘मंगल’, ‘स्टोरीज’, ‘फ्रेम्स’ या शब्दांची बहुतेक सगळी जुळणी कोणी ना कोणी आधीच करून ठेवली आहे. तरीही मला ‘सप्तपदी’ हे नाव हवे होते आणि अर्ज भरून देणाऱ्या सल्लागाराने ‘सहज मिळेल’ असे छातीठोकपणे सांगितले. उद्यम नोंदणी आणि ट्रेडमार्कसाठी ४१ व्या वर्गातला ऑनलाइन अर्ज यांत काहीच अडचण आली नाही. छायाचित्रण सेवा याच वर्गात मोडते आणि लहान व्यावसायिकाला शुल्क ४५०० रुपये पडते.

पुढे मात्र महिनोन्‌महिने संकेतस्थळावर एकच शब्द दिसत राहिला: ‘Objected’. तपासणी अहवालात दोन आक्षेप होते. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ नुसार हे नाव लग्नाच्या सेवेचेच वर्णन करणारे ठरत होते आणि कलम ११ नुसार त्याच वर्गात मिळतेजुळते नाव आधीपासून होते. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. ते वेळेत दिले, त्यावर सुनावणी लागली, ती पुढे ढकलली गेली आणि दरम्यान पाटी, पत्रिका, अल्बमवरचा शिक्का, सारेच अडून राहिले. वर्णनात्मक नावही दीर्घ वापराने ओळख मिळवू शकते, हे खरे; पण ती ओळख अर्जाच्या तारखेपूर्वीची असावी लागते आणि नव्या स्टुडिओकडे ती कुठून असणार? मग सल्लागाराने लोगोसकट अर्ज करण्याची टूम काढली. त्याने नोंदणी कदाचित मिळालीही असती, परंतु हक्क त्या संपूर्ण चित्रावर मिळतो, त्यातल्या ‘सप्तपदी’ या सर्वसामान्य शब्दावर नाही. शेजारचा स्टुडिओ तोच शब्द दुसऱ्या अक्षरवळणात खुशाल लावू शकला असता. अर्ज मागे घेतला. शुल्क अर्थातच परत मिळाले नाही, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

दुसऱ्या वेळी सल्लागाराविनाच सार्वजनिक शोधात ‘Wordmark’ आणि ‘Phonetic’ असे दोन्ही प्रकार तपासले, कारण उच्चारसाम्यही आड येते. निवडले ‘लिमलेट’. घरात हसू झाले, सासऱ्यांनी तर ‘गोळ्या विकणार का’ असे विचारले. पण गोळीचा छायाचित्रणाशी संबंध नाही, म्हणूनच वर्णनाचा आक्षेप येत नाही. शिवाय फोनवर एकदा सांगितले की ऐकणारा ते बहुधा बरोबर टंकतो, जे ‘Saptapadi’बाबत कधीच घडले नाही. यंदा अहवालात आक्षेप आला नाही. ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्धी झाल्यावर चार महिने हरकतीसाठी असतात; तोवर नावापुढे ™ लावता येते, ® मात्र नोंदणीनंतरच.

पाटीवर देवनागरी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान नसावीत, असा राज्याचा नियम आहे. तेव्हा नाव देवनागरीत कसे दिसते ते रंगाऱ्याकडे जाण्याआधी पाहावे. आणि इन्स्टाग्रामवरचे खाते व संकेतस्थळाचा पत्ता अर्जापूर्वीच घेऊन ठेवावा, कारण अर्ज दाखल होताच नाव कोणालाही शोधता येते.