आमची वाटचाल : ओट्याची कड आणि दगडाची लाट

२०११ साली नाशिकमध्ये एका भाड्याच्या खोलीत दोन संगणकांवर आम्ही सुरुवात केली. मॉड्युलर किचन करणाऱ्यांना स्केचअप आणि व्ही-रेमध्ये थ्रीडी चित्रं करून द्यायची, एवढंच काम. पहिल्या चार-पाच वर्षांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. कामं येत होती, पैसे उशिरा का होईना मिळत होते. आमची खरी वाटचाल सुरू झाली ती २०१६च्या पावसाळ्यात, एका नऊ फुटी ओट्यापासून.

किचन एका ठेकेदाराचं होतं. दगड विस्कॉन व्हाइट. ज्यांनी हा ग्रॅनाइट हाताळलाय त्यांना ठाऊक आहे, तो ब्लॅक गॅलेक्सीसारखा ठिपक्यांचा दगड नाही. पांढऱ्यावर राखाडी-काळ्या लाटा वाहत जातात. ठिपक्यांच्या दगडात माप थोडं चुकलं तरी डोळा पटकन पकडत नाही. लाटांच्या दगडात चूक लपत नाही.

ठेकेदाराने दुकानातून स्लॅबचा फोटो पाठवला. पूर्ण स्लॅब, नऊ फूट लांब. आमच्याकडे काम करणाऱ्या मुलाने तो मटेरियल म्हणून लावला आणि रुंदी तीन फुटांवर ठेवली, कारण आधीच्या कामाची तीच होती. त्यामुळे दगडात सहा इंच रुंद असलेली लाट चित्रात दोन इंचांची झाली. नऊ फुटांच्या ओट्यावर तोच फोटो तीन वेळा बसला. नीट बघितलं असतं तर दिसलं असतं, एक काळसर गाठ दर तीन फुटांवर पुन्हा येत होती. मी ते चित्र स्वतः तपासलं होतं आणि मला ती दिसली नाही. हे मी आजही कुणाच्या माथी मारत नाही.

घरच्या ताईंना चित्र फार आवडलं. बारीक, नाजूक नक्षीचा दगड. प्रत्यक्ष ओटा बसला तेव्हा त्या दारातच थांबल्या. रुंद, काळ्या, तिरक्या लाटा. “हा दगड आम्ही निवडलाच नव्हता,” त्या म्हणाल्या. दगड मात्र तोच होता.

त्यात मोल्डिंगचाही घोळ. चित्रात कड ४० मिलिमीटर जाड दिसत होती, कारण भारदस्त दिसते म्हणून आम्ही ती तशी काढली. दगड १८ मिलिमीटरचा, मिस्त्रीने वरची कड गोल करून हाफ राउंड केला, ठेकेदाराच्या कागदावर तेच लिहिलं होतं. जाड कड हवी तर खालून दगडाची पट्टी चिकटवावी लागते. ती सुमारे वीस मिलिमीटर खाली उतरते आणि वरच्या ड्रॉवरचं तोंड तिला अडतं. म्हणजे कड जाड दाखवायची तर शटरची उंची आधीच कमी धरायला हवी. आमच्या चित्रात दोन्ही पूर्ण होतं, जे प्रत्यक्षात एकत्र बसतच नाही.

ठेकेदाराने सगळं नुकसान आमच्यावर टाकलं. दगड दुकानात कुणी दाखवला, फोटोबरोबर माप का दिलं नाही, यातलं काही त्याने मानलं नाही. त्याची आठ किचनं आमच्याकडे होती, ती गेली. शहरात तेव्हा एक नवा स्टुडिओ उभा राहिला होता, आमच्या निम्म्या दरात चकचकीत चित्रं देणारा. ठेकेदार तिकडे गेला, त्याच्यामागे आणखी तिघे गेले. त्या स्टुडिओची चित्रं मी बघितली आहेत. सिंकच्या कटिंगचे आतले कोपरे काटकोनात, दगडाला जाडीच नाही, जणू पुठ्ठ्याला खिडकी पाडली आहे. ती चित्रं विकली जात होती आणि आम्ही चार महिने भाडं थकवून बसलो होतो. हे मी विसरलेलो नाही.

त्या दिवसांत एकच माणूस आमच्याकडे येत राहिला, तो ओटा बसवणारे मिस्त्रीकाका. चूक त्यांच्या हातची नसताना त्यांनाही बोल लागले होते. एके दिवशी त्यांनी एक लाकडी फळी आणून टेबलावर ठेवली. तिच्यावर सहा-सहा इंचांचे ग्रॅनाइटचे तुकडे चिकटवलेले : हाफ राउंड, फुल राउंड, बेव्हल, ओजी आणि पट्टी लावलेली जाड कड. “साहेब, आधी हात फिरवा, मग काढा,” एवढंच म्हणाले. ती फळी अजून माझ्या टेबलावर आहे. खिडकीजवळ धरली की कळतं, बेव्हलवर उजेडाची बारीक, कडक रेघ पडते आणि गोल कडेवर तोच उजेड मऊ पट्टा होऊन पसरतो. चित्रात ही रेघ किंवा हा पट्टा नसेल तर दगड प्लास्टिकसारखा दिसतो, पॉलिश कितीही वाढवा. अगदी सरळ कडेलाही मिस्त्री मिलिमीटरभर धार मारतो. तेवढी धार मॉडेलमध्येही मारावी.

कडेवरची लाटही काकांनीच दाखवली. दगड आतपर्यंत तोच असतो, त्यामुळे वरची लाट कडेवर येऊन खाली वळते. आम्ही फोटो फक्त वरून टाकायचो, तेव्हा कडेवर उभे ओघळ यायचे. आता वरचा पृष्ठभाग आणि कड एकाच कागदाची घडी घातल्यासारखं उलगडतो. पट्टी चिकटवलेली असेल तिथे मात्र मुद्दाम तोडतो, कारण प्रत्यक्षातही तिथे जोडाची बारीक रेघ असते आणि खालची लाट वरच्याला जुळत नाही. ग्राहकाला ती चित्रातच दिसलेली बरी.

तेव्हापासून आम्ही दुकानातला फोटो घेतच नाही. स्वतः गोडाऊनला जातो. स्लॅबच्या खालच्या कडेला टेप ताणून धरतो, कॅमेरा स्लॅबच्या मधोमध समोर, फ्लॅश बंद. घरी येऊन चौकट सरळ करतो. परवाच्या स्लॅबचं सांगतो. लांबी शंभर इंच, म्हणजे २५४० मिलिमीटर. सरळ केलेला फोटो ५०८० पिक्सेलचा ठेवला, म्हणजे एका मिलिमीटरला दोन पिक्सेल. मटेरियलची रुंदी २५४० लिहिली आणि मॉडेलमधल्या ओट्यावर टेपने लाट मोजली. गोडाऊनमध्ये मोजलेली लाट साडेपाच इंच होती, चित्रातही तेवढीच आली. ओटा स्लॅबपेक्षा लांब असेल तर फोटो पुन्हा बसू देत नाही. मिस्त्री जिथे जोड देणार तिथेच तोडतो आणि दुसऱ्या स्लॅबचा फोटो लावतो.

सिंकचं भोक त्यानंतर पाडायचं, आधी नाही. आधी पुढची पट्टी, मागची पट्टी असे वेगळे तुकडे केले की प्रत्येकावर लाट वेगळी धावते. अख्ख्या दगडावर लाट बसवून मग कापलं, तर ती भोकाच्या एका काठाला तुटते आणि पलीकडे बरोबर जागेवर उगवते. चोवीस इंच खोल ओट्यात सोळा इंचांचं कटिंग केलं की आठ इंच उरतात. आम्ही पुढे तीन, मागे पाच धरतो, कारण मागे नळाचं ३५ मिलिमीटरचं भोक आणि हात फिरायला जागा लागते. पुढची तीन इंचांची पट्टी हा ओट्याचा सगळ्यात नाजूक भाग. चित्र छान दिसावं म्हणून तिला दोन इंच करू नका, उचलताना मोडते. आतले कोपरे गोलच काढा. मिस्त्री कोपऱ्यावर आधी गोल भोक पाडून मग कटर चालवतो, कारण काटकोनातून दगडाला तडा जातो. आणि सिंक खालून बसणार असेल तर भोकाच्या आत दगडाची १८ मिलिमीटर जाडी दिसली पाहिजे, पॉलिश केलेली, तिच्याखाली सिलिकॉनची बारीक रेघ.

पुढची वर्षं बरी गेली. माणसं दोनाची सहा झाली. तो ठेकेदार २०१९ मध्ये परत आला, जुपराना ग्रॅनाइटच्या एका ओट्यासाठी. दर मी कमी केला नाही. गोडाऊनला मात्र त्याला बरोबर नेलं आणि टेपचं दुसरं टोक त्याच्या हातात दिलं.